मशीनमध्ये पाणीच येत नाही

वॉशिंग मशीन सकाळी सातला लावलं तर नीट भरतं. दुपारी दोनला लावलं तर अर्धा तास झाला तरी टबाच्या तळाशी जेमतेम पाणी साचलेलं असतं. काही मशीन नुसतीच वाट पाहत राहतात, काही ठरावीक वेळानंतर थांबतात आणि पडद्यावर अक्षरं दाखवतात. एलजीच्या मशीनवर IE दिसतं, सॅमसंगच्या मशीनवर 4E किंवा 4C. त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या वेळेत ठरलेलं पाणी आत आलं नाही. ते का आलं नाही, हे मशीनला ठाऊक नसतं. तरीही हा संदेश दिसला की घरोघरी मेकॅनिकला बोलावलं जातं, तो पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलतो, आणि बऱ्याचदा पंधरा दिवसांनी दुपारचं रडगाणं पुन्हा सुरू होतं. माझं म्हणणं असं, की व्हॉल्व्हवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी पाणी मोजावं, मग जाळी पाहावी, आणि या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या तरच व्हॉल्व्हला हात लावावा.

हा क्रम आपल्या इमारतींतून आलेला आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतून, नुसत्या उंचीच्या जोरावर खाली उतरतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीतून साधारण एक बार दाब मिळतो. प्लंबर त्यालाच ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात. मशीनच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, बहुधा मेगापास्कलमध्ये. ०.१ मेगापास्कल म्हणजे एक बार, म्हणजेच दहा मीटर पाणी. किमान आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. कुठे ०.०३ असतो, कुठे ०.०५. म्हणजे मशीनला किमान तीन ते पाच मीटर उंचीवरचं पाणी हवं असतं.

आता एक घर घेऊ. चार मजली इमारत, घर सर्वांत वरच्या मजल्यावर, मशीन वरून कपडे टाकायचं. खोलीच्या फरशीपासून गच्चीची फरशी तीन मीटरवर. गच्चीत दीड मीटर उंचीच्या विटांच्या खांबांवर टाकी ठेवलेली, आणि टाकी भरली की आत पाणी सव्वा मीटरपर्यंत चढतं. मशीनचा व्हॉल्व्ह फरशीपासून साधारण एक मीटरवर असतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तेव्हा व्हॉल्व्हच्या वर पावणेपाच मीटर पाणी आहे. टाकी तळाला गेली की साडेतीन मीटर उरतं. म्हणजे दाब ०.४७ बारवरून ०.३५ बारवर येतो. हेच मशीन एक मजला खाली असतं तर त्यात सरळ तीन मीटरची भर पडली असती आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नसतं. शिवाय हा हिशोब पाणी स्थिर उभं असतानाचा आहे. ते वाहू लागलं की लांब पाइप, चार-पाच एल्बो, अर्धवट उघडा कॉक, प्रत्येक जण त्यातलं थोडंथोडं खातो.

म्हणून वरच्या मजल्यावर मशीन सकाळी चालतं आणि दुपारी अडतं. सकाळी टाकी भरलेली असते, दुपारपर्यंत सगळ्या इमारतीची आंघोळ-भांडी उरकून ती खाली गेलेली असते. बिघाड वेळेप्रमाणे येतो-जातो हे दिसलं, तर मशीन उघडायच्या आधी टाकीकडे पाहायला हवं.

पाणी मोजायला बादली पुरते. मशीनचा प्लग सॉकेटमधून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद करून मशीनच्या मागची नळी मशीनच्या टोकाकडून सोडवायची, ते टोक मशीनच्या व्हॉल्व्हएवढ्याच उंचीवर बादलीत धरायचं आणि नळ पूर्ण उघडायचा. दहा लिटर भरायला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहायचं. नळी खाली जमिनीवर टेकवून मोजलं तर एक मीटरचा फुकट दाब मिळतो आणि उत्तर खोटं येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दहा लिटर मिनिटभरात किंवा थोड्या जास्त वेळात आले तर पाणी पुरेसं आहे. दोन मिनिटांहून जास्त लागले तर दोष मशीनच्या बाहेरच आहे: नळात, नळीत किंवा टाकीत. अशा वेळी नळी नळाच्या टोकाकडूनही काढून नुसत्या नळाखाली पुन्हा मोजावं. नळाखाली भरपूर आणि नळीतून कमी आलं, तर नळी दुमडली आहे किंवा तिच्या नळाकडच्या टोकात जाळी बसवलेली आहे आणि तीच तुंबली आहे. मशीन भिंतीला खेटून सरकवताना मागे नळीला घडी पडणं ही तर रोजची गोष्ट.

आपल्या घरात मोजलं तेव्हा सकाळी दहा लिटर सत्तर सेकंदांत आले आणि दुपारी पंचाण्णव सेकंदांत. दुपारचं पाणी कमी आहे, पण मशीन अडावं इतकं कमी नाही. तरीही सर्वांत खालच्या पातळीचं, सुमारे तीस लिटर पाणी भरायला मशीन दुपारी पंचवीस मिनिटं घेत होतं. मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास. नळीच्या तोंडाशी दुपारीही मिनिटाला सहा लिटरहून जास्त येतंय आणि मशीनच्या आत त्याच्या पाचव्या हिश्शाइतकंच पोहोचतंय. अडथळा नळी आणि टब यांच्या मधे आहे, आणि तिथे पहिली भेटते ती जाळी.

ही जाळी व्हॉल्व्हच्या तोंडात, नळीचं नट जिथे आवळतो तिथेच आत बसवलेली असते. अंगठ्याच्या टोकाएवढी, प्लॅस्टिकची, मधोमध पकडायला एक उंचवटा असलेली. मशीनच्या आत जाणाऱ्या पाण्यातली वाळू, गंज, शेवाळ अडवायचं हे तिचं एकमेव काम. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात ती हमखास भरते, कारण तळाचा ढवळलेला गाळ पाइपात उतरतो. टँकरचं पाणी आलं की त्यातली बारीक वाळू येते. जुन्या लोखंडी पाइपांच्या इमारतीत गंजाचे तांबूस कपचे सापडतात. पाणी काही वेळ बंद राहून पुन्हा सुरू झालं की ते कपचे सुटतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये मात्र गाळापेक्षा पांढरा क्षार जास्त असतो. आणि एक गोष्ट फार घरांत दिसते: टेफलॉन टेपचे पांढरे तुकडे. नळ बदलताना आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचं टोक आत राहतं, पाण्याबरोबर सुटतं आणि जाळीवर आडवं बसतं. नवा नळ बसवल्यापासून मशीन हळू भरायला लागलं असेल, तर जाळीत बहुधा हाच तुकडा निघतो.

जाळी काढायला अवघड काही नाही, पण घाई केली तर तिचं प्लॅस्टिक तुटतं. नळ बंद केला तरी नळीत दाबाखालचं पाणी उरतं. म्हणून नळ बंद ठेवून मशीन क्षणभर चालू करावं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून तेवढं पाणी आत निघून जातं. मग प्लग काढायचा. खाली जुना टॉवेल आणि तसराळं ठेवून नट हातानेच उलटं फिरवायचं. ते प्लॅस्टिकचं असतं, पान्याने पिरगाळलं तर व्हॉल्व्हची मानच मोडते. नट निघालं की आत जाळी दिसते. चपट्या टोकाच्या पकडीने मधला उंचवटा धरून सरळ बाहेर ओढायची, डावी-उजवीकडे वाकवायची नाही. गाळ असेल तर वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासलं की ती साफ होते. ब्रश आतल्या बाजूने बाहेर फिरवावा, म्हणजे भोकांत रुतलेला कण आत न जाता बाहेर पडतो. क्षाराचा थर असेल तर घासून फायदा नाही. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व किंवा पांढरं व्हिनेगर घालून त्यात अर्धा-पाऊण तास ठेवावी. प्रकाशाकडे धरल्यावर सगळी भोकं दिसली पाहिजेत. फाटलेली जाळी परत बसवू नये, नवी आणावी.

एक सल्ला काही ठिकाणी मोठ्या खात्रीने दिला जातो: “जाळी काढूनच टाका, पाणी भरभर येईल.” पाणी भरभर येतं हे खरंच आहे, दोन-तीन धुणी तरी. पण त्यानंतर वाळूचा एखादा कण व्हॉल्व्हच्या आत जाऊन बसतो आणि मशीन बंद असतानाही टबात पाणी ठिबकत राहतं. असं का होतं ते कळायला व्हॉल्व्ह कसा काम करतो हे पाहायला हवं, आणि तो खरोखर पाहण्यासारखा आहे.

कॉइलमध्ये वीज गेली की ती लोखंडी दांडी वर खेचते, एवढं सगळ्यांना साधारण माहीत असतं. पण ती दांडी मुख्य पाण्याची वाट उघडत नाही. एवढीशी कॉइल पाण्याच्या दाबाविरुद्ध ते काम करूच शकणार नाही. मुख्य वाटेवर एक रबरी पडदा बसलेला असतो. पडद्याच्या कडेला मिलिमीटरपेक्षाही बारीक एक भोक असतं, त्यातून पाणी पडद्याच्या वरच्या बाजूला जमतं. वरच्या बाजूचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून तेच पाणी पडद्याला खाली दाबून वाट बंद ठेवतं. पडद्याच्या मध्यावर दुसरं भोक असतं आणि त्यावर ती दांडी स्प्रिंगने टेकलेली असते. कॉइलने दांडी उचलली की मधलं भोक मोकळं होतं, वरचं पाणी तिथून पळतं, कडेच्या बारीक भोकातून तितक्या वेगाने नवं येऊ शकत नाही, वरचा दाब उतरतो आणि खालचं पाणी पडदा वर ढकलून आत घुसतं. वीज बंद झाली की दांडी खाली, मधलं भोक बंद, वर पुन्हा पाणी जमतं, पडदा बसतो. उघडणं आणि बंद होणं या दोन्हींचं काम पाणीच करतं, कॉइल फक्त इशारा देते.

हे समजलं की सगळ्या खुणा आपोआप उलगडतात. दाब किमान मर्यादेच्या खाली गेला की पडदा पुरता उचलला जात नाही, म्हणून मशीन हळू भरतं. जाळी तुंबली की व्हॉल्व्हच्या तोंडाशी पोहोचणारा दाबच कमी होतो, म्हणून कमी दाबाच्या घरात थोडासा गाळही मशीन अडवतो आणि तळमजल्यावर तेवढ्याच गाळाची कुणी दखल घेत नाही. मधलं भोक कचऱ्याने बुजलं तर वरचं पाणी निघतच नाही आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. कडेचं बारीक भोक बुजलं तर वर पाणी जमत नाही आणि व्हॉल्व्ह बंद होत नाही. कण पडद्याखाली अडकला तरी तेच. जाळी काढून टाकलेल्या मशीनमध्ये रात्रभर टब भरत राहतो तो याच कारणाने. दाब फारच कमी असेल तरीही पडदा घट्ट बसत नाही आणि ठिबक लागते.

आपल्या घरातल्या जाळीवर गाळाचा चॉकलेटी थर होता आणि एक टेफलॉनची पट्टी. ती साफ केल्यावर सकाळी तीस लिटर सहा मिनिटांत भरू लागले, दुपारी नऊ मिनिटांत. व्हॉल्व्ह जुनाच आहे.

जाळी स्वच्छ आहे, बादली वेळेत भरते आणि मशीन तरीही कोरडंच राहतं, तेव्हा व्हॉल्व्हकडे वळायचं. पहिली तपासणी कानाने. मशीन चालू करून मागच्या बाजूला कान द्यावा. पाणी घेण्याच्या वेळी व्हॉल्व्हमधून बारीक, सलग गुणगुण ऐकू येते. गुणगुण आहे आणि पाणी नाही, म्हणजे वीज पोहोचतेय, कॉइल जिवंत आहे, पण पडदा किंवा दांडी अडकली आहे. कमी व्होल्टेजच्या भागात कॉइल गुणगुणते आणि दांडी उचलण्याइतका जोर तिला मिळत नाही, असंही होतं. तेव्हा संध्याकाळी दिवे मंद असतानाच मशीन अडतं का, ते पाहावं. गुणगुण अजिबात नाही, म्हणजे कॉइल जळली आहे किंवा तिच्यापर्यंत वीजच येत नाही. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये दाराचं कुलूप नीट लागल्याशिवाय व्हॉल्व्हला वीज मिळत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह दोषी ठरवण्याआधी कुलपाचा ‘टक’ आवाज येतो का ते ऐकावं.

मागे थंड आणि गरम अशी दोन तोंडं असलेल्या मशीनमध्ये एक साधी गोष्ट फार जणांना छळते. आपण नळी फक्त थंडला जोडतो आणि धुण्याचा कार्यक्रम कुणीतरी ‘हॉट’वर ठेवलेला असतो. मशीन गरम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून बसतं, तिथे नळीच नाही. बटण ‘कोल्ड’वर आणलं की पाणी सुरू.

व्हॉल्व्हला दोन किंवा तीन कॉइल असतील तर प्रत्येक कॉइल साबणाच्या खणातल्या वेगळ्या कप्प्यात पाणी सोडते. मुख्य धुण्याला पाणी येत नाही पण शेवटी कपडे मऊ करणारं द्रव मात्र वाहून जातं, असं दिसलं तर पाणी आणि जाळी दोन्ही निर्दोष आहेत आणि एकच कॉइल किंवा तिच्याखालचा पडदा गेला आहे. अर्थात त्याआधी साबणाचा खण पूर्ण बाहेर काढून वरच्या बाजूची बारीक भोकं पाहावीत. तिथे साबण आणि क्षार दगडासारखा जमला असेल तर पाणी तिथेच अडतं.

कॉइल जळली आहे का हे मल्टिमीटर अचूक सांगतं. प्लग काढलेला असताना कॉइलच्या दोन वायरी सोडवून तिच्या पात्यांवर रोध मोजायचा. आपल्या २३० व्होल्टच्या मशीनमधल्या कॉइलचा रोध साधारण साडेतीन ते पाच हजार ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. इथे स्पष्ट सांगायला हवं: चालू मशीनमध्ये वायरींवर मीटर टेकवून वीज येते का ते पाहणं घरच्यांचं काम नाही. पाणी आणि २३० व्होल्ट तिथे हातभर अंतरावर असतात. मल्टिमीटर कधी वापरलेलं नसेल, तर कानाने मिळालेली माहिती मेकॅनिकला सांगावी. “गुणगुण येते पण पाणी नाही, जाळी साफ आहे, दहा लिटर सत्तर सेकंदांत येतात” एवढं सांगितलं की तो नेमका भाग घेऊनच येतो.

व्हॉल्व्ह गेलाच असेल तर तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही, काही शे रुपयांत नवा मिळतो. जुना हातात घेऊनच दुकानात जावं, कारण तोंडांची संख्या, पाणी सरळ जातं की काटकोनात वळतं, आणि स्क्रूची भोकं हे सगळं जुळावं लागतं. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्या उलट-सुलट लागल्या तर कपडे मऊ करणारं द्रव पहिल्याच पाण्यात वाहून जातं. कमी दाबाच्या घरात दुकानदाराला तसं सांगून कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह मागावा. नळी परत लावताना तिच्या नटावर टेफलॉन टेप गुंडाळायची नाही. तिथे पाणी अडवायचं काम आतला रबरी वॉशर करतो, टेप नव्हे. वॉशर चपटा किंवा कडक झाला असेल तर बदलावा, नट हाताने आवळावं आणि नळ हळूहळू उघडून जोडाला कोरडं बोट लावून पाहावं.

एक सोंग मात्र ओळखता आलं पाहिजे. मशीन सारखं पाणी घेतंय, तासभर घेतंय, आणि पातळी चढतच नाही. ही तक्रारही ‘मशीन भरत नाही’ म्हणूनच येते, पण पाणी व्यवस्थित येत असतं आणि तितकंच खालून निघून जात असतं. सांडपाण्याची नळी तिच्या ठरलेल्या उंचीच्या खाली, जमिनीवर टाकलेली असेल तर काही मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये खालचा झडपेचा पडदा एखाद्या नाण्याने, हूकने किंवा दोऱ्याच्या गुंत्याने उघडा राहतो. मशीन भरत असताना मोरीतल्या नळीच्या तोंडाशी हात धरला की लगेच कळतं.

आणि बादलीचा हिशोबच वाईट आला, दहा लिटरला तीन-चार मिनिटं लागली, तर जाळी कितीही घासून आणि व्हॉल्व्ह कितीही बदलून मशीन सुधारणार नाही. टाकीचा चौथरा मीटरभर वाढवला तर तेवढ्याने एक दशांश बार मिळतो. आपल्या उदाहरणातल्या घराला तो पुरेल, पण भरलेल्या टाकीचं वजन त्या खांबांना आणि स्लॅबला पेलेल का, हे आधी इंजिनिअरला विचारावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे घराच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप. तो नळ उघडताच आपोआप सुरू होणारा घ्यावा. मशीनचा व्हॉल्व्ह मधेच उघडतो, मधेच बंद होतो, प्रत्येक वेळी बटण दाबायला कोण उभं राहणार? पंपाचा दाब मशीनच्या पट्टीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत असावा. आणि तो टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावरच बसवावा, नगरपालिकेच्या थेट लाइनवर नाही. थेट लाइनवर पंप लावायला बंदी असते, आणि तो पंप शेजारच्या घरांचं पाणी तर ओढतोच, पण गळक्या जोडांतून बाहेरचं घाण पाणीही आत खेचतो.